आठ आणे पीक आणि बारा मिनिटांचा दरबार : एका नाट्यप्रवेशाचं प्रकरण

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावातली एक हौशी नाट्यसंस्था. शिक्षक, दुकानदार, बँकेतले एक-दोन जण आणि महाविद्यालयातली मुलं अशी तिची मंडळी. त्यांनी एकांकिका बसवायला घेतली होती. राज्य काल्पनिक, पण घाटमाथ्यावरचं, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. त्या एकांकिकेचा कणा एकच प्रवेश होता. पाऊस दगा देऊन गेलाय, पीक निम्म्यावर आलंय, खजिना आटलाय आणि राजाच्या सदरेवर प्रश्न आहे की सारा वाढवायचा की नाही. पात्रं चार : महाराज, अमात्य, सरनौबत आणि परगण्याचे देशमुख. कोपऱ्यात लिहीत बसलेला चिटणीस पाचवा. त्याला पहिल्या खर्ड्यात संवाद नव्हते.

संहितेच्या वाचनापासून पहिल्या काही प्रयोगांपर्यंत मी या मंडळींबरोबर होतो. संस्थेच्या संमतीनं, नावं आणि गाव गाळून हे लिहितो आहे. दरबारातली चर्चा रंगमंचावर आणणाऱ्या बहुतेकांना हीच अडचण येते, म्हणून ती तपशिलात मांडतो.

अडचण

पहिल्या वाचनात प्रवेश सुरू झाला आणि दुसऱ्या मिनिटाला सगळ्यांना शेवट कळला. सरनौबत टेबलावर मूठ आपटून म्हणत होता, ‘कर वाढवा!’ अमात्य हात जोडून म्हणत होते, ‘रयत मरेल!’ दोघांची भाषणं आळीपाळीनं, वक्तृत्व स्पर्धेतल्यासारखी. महाराज मध्ये बसून दोघांकडे पाहत होते आणि शेवटी उभे राहून ‘रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लागता कामा नये’ हे सर्वांना पाठ असलेलं वाक्य म्हणत होते. त्यावर टाळ्या येणार हे ठरलेलं होतं, आणि लेखकानं त्या टाळ्यांसाठी कंसात जागाही सोडली होती.

नट चांगले होते, भाषा नेटकी होती, तरी प्रवेश हलत नव्हता. कारण शोधायला आम्ही एक साधा प्रश्न विचारला : सारा किती वाढवायचाय? उत्तर कुणालाच देता येईना. आत्ता किती आहे, हेही माहीत नव्हतं. धान्यात घेतात की रोकड, खजिन्याला किती कमी पडतंय, कशासाठी कमी पडतंय, केव्हापर्यंत हवंय, यांपैकी काहीच संहितेत नव्हतं. ज्या मागणीला आकडा नाही तिच्यावर वाद होऊ शकत नाही. तिच्यावर फक्त चांगला माणूस आणि वाईट माणूस असं वाटप होतं. सरनौबताचा खलनायक झाला होता तो यामुळेच.

विचारात घेतलेले पर्याय

दिग्दर्शकाला वाटत होतं की एक शेतकरी बाई सदरेवर आणावी. तिच्या कडेवर मूल असेल, ती गाऱ्हाणं मांडेल आणि सदर हलेल. प्रेक्षक रडतील हे खरं होतं. पण ती आली की वाद तिथंच संपतो, कारण तिच्यासमोर सरनौबताला तोंड उघडता येत नाही. निर्णय मग विचारातून न होता दयेतून होतो. हा पर्याय बराच वेळ चर्चेत राहिला आणि शेवटी बाजूला पडला.

लेखकानं उलट टोक सुचवलं : राजाच निर्दय करावा आणि सारा वाढवून टाकावा, म्हणजे शेवट अनपेक्षित होईल. त्यानं शेवट बदलला असता, पण मधला वाद तसाच पोकळ राहिला असता. सूत्रधाराकडून दोन वाक्यांत निर्णय सांगून हा प्रवेश गाळायचा, असंही एकजण म्हणाला. तसं केलं तर एकांकिकेत उरणार काय, हे त्यालाही सांगता आलं नाही.

चौथा पर्याय कष्टाचा होता. राज्याचा हिशेब खरोखर मांडायचा, प्रत्येक पात्राला त्या हिशेबातली एक खरी बाजू द्यायची आणि मग कोण काय बोलतो ते पाहायचं. तो घेतला.

केलेलं काम : एका घराचा हिशेब

आधार सभासदाच्या बखरीतला घेतला. पिकाच्या पाच तक्षिमा करून तीन रयतेला आणि दोन दिवाणात, असं तिथं सांगितलं आहे. आम्ही सारा धान्यात धरला आणि एका मध्यम कुणबी घराचा ताळेबंद फळ्यावर लिहिला. मणाचं माप प्रांतोप्रांती वेगळं असे, त्यामुळे आकडे काल्पनिक राज्याचे आहेत. त्यांचं आपसातलं प्रमाण मात्र पटण्यासारखं ठेवलं.

चांगल्या साली घरात साठ मण ज्वारी येते. दिवाणात चोवीस जातात, बियाण्याला तीन, बलुत्याला पाच. घर महिन्याला दोन मण खातं, म्हणजे वर्षाचे चोवीस. उरलेल्या चार मणांत मीठ, कापड, सणवार.

यंदा पीक आठ आणे, म्हणजे तीस मण. इथं पहिली महत्त्वाची गोष्ट हाती लागली. सारा वाट्यानं घेतला तर दिवाणाचा वाटाही आपोआप बारावर येतो, म्हणजे दुष्काळ राजा आणि कुणबी दोघांवर पडतो. तोच सारा ठरीव असता, चोवीसच्या चोवीस मण घेतले असते, तर घरात सहा मण राहिले असते आणि दुष्काळ एकट्या कुणब्यावर पडला असता. ‘कर वाढवू नका’ म्हणणाऱ्या पात्राला हा फरक माहीत हवा. ठरीव साऱ्यात काहीही न वाढवता लोक उपाशी मरतात.

पुढे वाट्याचा हिशेब. बारा मण दिवाणात गेल्यावर अठरा उरतात. बियाण्याचे तीन बाजूला, बलुतं या साली तीनच. खायला उरले बारा मण, म्हणजे सहा महिने. मार्गशीर्षात धान्य घरात आलं तर वैशाख संपेपर्यंत पुरतं. पुढे ओढाताण आहे, पण मृग जवळ आलेला असतो आणि बियाणं शाबूत असतं.

आता वाटा पाचांत दोनऐवजी निम्मा करा. दिवाणात पंधरा. खायला नऊ उरतात, म्हणजे साडेचार महिने. मार्गशीर्षापासून मोजलं तर चैत्राच्या मध्याला, हनुमान जयंतीच्या सुमारास कणगी रिकामी. तिथून मृगापर्यंतच्या दिवसांत घरात एकच धान्य उरतं : बियाणं. ते खाल्लं जातं. मृगाला पाऊस पडतो आणि रान पडीक राहतं. दिवाणानं तीन मण जास्त घेतले आणि पुढच्या सालचे चोवीस घालवले.

हे फळ्यावर उमटलं तेव्हा अमात्याचं काम करणारा नट म्हणाला, ‘मग मला ओरडायची गरजच नाही.’ खरंच नव्हती.

पण हिशेब एकतर्फी ठेवला असता तर जुनाच प्रवेश नव्या आकड्यांनी झाला असता. म्हणून सरनौबताकडे वळलो. राज्यात अशी दोन हजार घरं धरली. घरामागे तीन मण, म्हणजे सहा हजार मण. पागेला नेमका तेवढाच दाणा कमी पडतो, असं ठरवलं. तो मिळाला नाही तर काय होईल? याचं उत्तर शिवाजी महाराजांच्या चिपळूणकडच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेल्या पत्रात सापडलं. त्यात बजावलं आहे की पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आत्ताच उधळलीत तर पुढे मिळणार नाही, घोडी मरतील आणि मग लोक कुणब्यांच्या घरून कुणी दाणे, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी भाजी आणू लागतील. रयत गाव सोडून जाईल आणि तुम्हाला मोगलांपेक्षा वाईट म्हणेल.

हा या सगळ्या प्रकरणातला वळणबिंदू होता. ते पत्र सरळसरळ पुरवठ्याबद्दल बोलतं. उपाशी फौज स्वतःचा सारा स्वतः वसूल करते, हे त्यातलं कठोर निरीक्षण आहे. पहिल्या खर्ड्यात रयतेच्या कळवळ्याचं वाक्य महाराजांच्या तोंडी घोषणेसारखं होतं. त्यामागची चिंता आता सरनौबताचा युक्तिवाद झाली. खलनायक नाहीसा झाला. त्याच्या जागी, आपल्या माणसांना लुटारू होऊ द्यायचं नाही म्हणून दाणा मागणारा सेनानी उभा राहिला.

बाजूबाजूनं काही गोष्टी बदलल्या. दरबारी मंडळी ‘कर’ म्हणेनाशी झाली; ती सारा, वाटा, पट्टी म्हणू लागली. टेबल गेलं, बैठक आली. फळ्यावरचा हिशेब प्रेक्षकांपुढे कसा मांडायचा, यावर दिग्दर्शकानं फार चांगला तोडगा काढला : खरी ज्वारी आणि एक मापटं. एक मापटं म्हणजे एक मण.

बदललेला प्रवेश

संस्थेच्या परवानगीनं मधला भाग देतो.

(सदर. बैठकीपुढे पांढऱ्या कापडावर ज्वारीची रास. चिटणीस कोपऱ्यात लिहितो आहे.)

सरनौबत : महाराज, पागेला सहा हजार मण दाणा कमी आहे. एवढंच सांगायला आलोय.

महाराज : आणि नाही मिळाला तर?

सरनौबत : घोडी मरतील. किंवा घोडी मरू नयेत म्हणून माझी माणसं गावात शिरतील. दोघं शिरले तर त्यांचे हात तोडीन. दोनशे शिरले तर कुणाकुणाचे तोडू?

अमात्य : म्हणून वाटा वाढवायचा?

सरनौबत : म्हणून मागतोय, पंत. मी मागितलं तर हुकूम निघेल. त्यांनी घेतलं तर काय निघेल ते तुम्हाला माहीत आहे.

देशमुख : निम्मा वाटा करा, महाराज. परगण्याचा वसूल मी आणून देतो. रयत माझं ऐकते.

अमात्य : ऐकतेच. (राशीपाशी बसतात.) हे एक घर. यंदाचे तीस मण. बारा दिवाणात. (रास कमी करतात.) तीन बियाण्याचे, तीन बलुत्याचे. उरले बारा. महिन्याला दोन. मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन, चैत्र, वैशाख. आता सरनौबतांचे तीन. (तीन मापटी भरून सरनौबतापुढे ओततात.) हनुमान जयंतीला कणगी रिकामी.

सरनौबत : पुढचा महिना दीड महिना माणसं काढतात. मजुरी असते, रानात कंद असतात.

अमात्य : काढतात. बियाणं खाऊन काढतात.

महाराज : मग मृगाला?

अमात्य : मृगाला पाऊस पडेल, महाराज. पेरायला काही नसेल. या घरातून पुढच्या साली चोवीस मण यायचे होते.

सरनौबत : पुढचं साल बघायला राज्य राहिलं पाहिजे. पागा रिकामी झाली हे सरहद्दीपलीकडे कळायला मृग उजाडावा लागत नाही.

(कुणी बोलत नाही.)

महाराज : पंत, तुमचा हिशेब खरा आहे. यांचाही खरा आहे. सहा हजार मण कुठून आणू ते सांगा.

अमात्य : वतनदारांच्या हक्काच्या धान्यातून. एकसाली पट्टी. देशमुख, देशपांडे, इनामदार.

देशमुख : (थांबून) हुकूम शिरसावंद्य.

सरनौबत : इतक्या लवकर?

देशमुख : राज्यावर वेळ आलीय, सरनौबत.

महाराज : चिटणीस, लिहा. साऱ्याचा वाटा आहे तोच. वतनदारांवर एकसाली पट्टी, सहा हजार मण, माघाअखेर.

चिटणीस : लिहिलं, महाराज. (लेखणी थांबते.) वतनदारांनी ही पट्टी रयतेवर फिरवू नये, असं हुकमात आलेलं नाही. लिहू?

(देशमुख चिटणिसाकडे पाहतात. महाराज देशमुखांकडे. अंधार.)

निर्णयाचे क्षण

वतनदारांवरच्या पट्टीचा तोडगा सोयीसाठी शोधलेला नाही. पेशवाईत कर्ज फेडण्यासाठी कर्जपट्टी बसवल्याचे दाखले आहेत, आणि राज्याची मोठी निकड भागवायला मधल्या हक्कदारांकडे वळणं हा राज्यकर्त्यांपुढचा खरा मार्ग होता. त्याचा धोकाही तितकाच खरा. गावात राजा नसतो, देशमुख असतो. त्याच्यावर पट्टी बसली की तो ती कुठून भरतो, हे पाहायला सदरेवरचं कुणी जात नाही. म्हणूनच देशमुखाचा झटपट होकार हा प्रवेशातला सगळ्यात भीतिदायक क्षण ठरला.

चिटणिसाच्या ओळीवर लेखक आणि दिग्दर्शकाचं जोराचं बिनसलं. लेखकाला महाराजांनी ‘लिहा’ म्हणावं असं हवं होतं. राजाला प्रश्न कळला हे दिसायला हवं, नाहीतर तो बावळट ठरतो, असं त्याचं म्हणणं. दिग्दर्शकाचं म्हणणं, ‘लिहा’ म्हटलं की प्रेक्षक सुटले. लिहिल्यानं गावात काय बदलणार आहे हा प्रश्न मग कुणी विचारणार नाही. एका प्रयोगात ‘लिहा’ ठेवून पाहिलं. टाळ्या आल्या आणि प्रवेश सपाट झाला. पुढच्या प्रयोगापासून ओळ गेली. माझं मत दिग्दर्शकाच्या बाजूचं होतं आणि आजही आहे, पण लेखकाच्या शंकेत तथ्य होतं. महाराजांचं काम करणाऱ्या नटानं देशमुखाकडे वळण्याआधी लेखणीकडे पाहिलं, तर राजाला कळलंय हे शब्दांशिवाय पोचतं. ते साधायला त्याला वेळ लागला.

परिणाम

प्रवेश बारा मिनिटांच्या आसपास स्थिरावला. पहिल्या खर्ड्यापेक्षा तो थोडा लांबलाच, पण प्रेक्षागृहातली चुळबुळ थांबली. सभागृह शांत होई ते अमात्य महिने मोजायला लागल्यावर. मागच्या रांगांतून काही जण ‘चैत्र, वैशाख’ बरोबरीनं पुटपुटत. मापट्यातून ज्वारी सरनौबतापुढे ओतली जाई तेव्हा तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाई. तो आवाज येण्यासाठी कापडाखाली तांब्याचं ताट ठेवलं होतं.

प्रयोगानंतर लोक दोन गट पाडून वाद घालू लागले, आणि सरनौबताच्या बाजूनं बोलणारेही निघाले. पहिल्या खर्ड्यात हे शक्यच नव्हतं.

सगळ्यात मोलाची हरकत एका कोरडवाहू गावातल्या प्रयोगानंतर आली. एक वयस्कर शेतकरी रंगमंचामागे आले आणि म्हणाले, ‘ज्वारी मोजलीत ते बरं केलंत. कडबा कोण मोजणार?’ पीक आठ आणे आलं तर कडबाही निम्माच येतो. माणूस दीड महिना कंद खाऊन काढेल, बैल नाही काढणार. बियाणं शाबूत राहिलं तरी बैल विकला गेला असेल तर मृगाला रान पडीकच. फळ्यावरच्या ताळेबंदात बैल नव्हताच.

वेगळं काय करता आलं असतं

हिशेब मांडायच्या दिवशी दुष्काळ पाहिलेल्या शेतकऱ्याला समोर बसवायला हवं होतं. आजही गावाची पैसेवारी पन्नासच्या खाली लागली की काय सवलती मिळतात, हे तिथं घराघरात माहीत असतं. आठ आणे पिकाचा अर्थ त्यांनी आम्हाला बखरीपेक्षा लवकर सांगितला असता.

दुसरी उणीव मला जास्त सलते. प्रवेशात वाद आहे तो घ्यायचं किती, एवढ्याचाच. द्यायचं काही, हा विचार सदरेवर येतच नाही. 1676 मध्ये शिवाजी महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेल्या पत्रात तो स्पष्ट आहे. गावोगाव फिरावं, कुणबी गोळा करावेत, ज्याच्याजवळ माणूसबळ आहे पण बैल, नांगर किंवा पोटाला दाणे नाहीत त्याला ते द्यावेत, आणि ऐपत येईल तसं फक्त मुद्दल हळूहळू परत घ्यावं, वाढीदिडी घेऊ नये. यासाठी दोन लाख लारी नाण्यांपर्यंत खर्च झाला तरी चालेल, असंही त्यात आहे. दिवाणाचं उत्पन्न वाढवण्याचाच हा मार्ग होता : पडीक रान लागवडीला आलं की सारा येतो. अमात्याच्या हातात इतका भक्कम दाखला असताना आमच्या संहितेत तो फक्त ‘वाढवू नका’ म्हणत राहिला. तगाईची मागणी त्यानं केली असती तर सरनौबताचा विरोध आणखी धारदार झाला असता, कारण सहा हजार मण कमी असलेल्या खजिन्यातूनच आणखी धान्य बाहेर गेलं असतं.

नव्या खर्ड्यात दोन बदल होत आहेत. अमात्य वाट्यात वाढ नाकारतात आणि वर बियाण्यासाठी आणि बैलांसाठी तगाई मागतात. कडब्याचा मुद्दा सरनौबताकडे गेला आहे, कारण पागेची घोडी आणि कुणब्याचे बैल एकाच गंजीवर तोंड मारतात, आणि ते त्यालाच सर्वांत आधी दिसणार. त्यानं प्रवेश अडीच-तीन मिनिटांनी वाढतो. ती मिनिटं कुठून काढायची यावर सध्या खल चालू आहे. देशमुखाची सुरुवातीची दोन वाक्यं जातील असं दिसतं, आणि महिन्यांच्या मोजणीला हात लावायचा नाही यावर सगळ्यांचं एकमत आहे.